रजा मंजूर, ड्यूटी कायम

ज्युनिअर डॉक्टर रजा मागायला आला की आधी इकडचं तिकडचं बोलतो. अमक्या पेशंटचं सोडियम आता बरं आहे, तमक्याचा ड्रेन काढला, संध्याकाळचे रिपोर्ट यायचेत. मग दारापर्यंत जातो, परत वळतो आणि म्हणतो, "मॅम, एक छोटंसं काम होतं." ते छोटं कधीच नसतं. घरात लग्न असतं, नाहीतर आईवडिलांचा एखादा असा दिवस, की ज्याला आपण नसलो तर पुढची वीस वर्षं फोटोत आपली जागा रिकामी दिसणार. पण मागण्याचा सूर असा, की जणू उसने पैसे मागतोय आणि मागची उधारी अजून फिटलेली नाही.

शेवटच्या वर्षाला असताना युनिटचं रोस्टर माझ्याकडे होतं. हा काही मान नव्हे. ज्याला टाळता येत नाही त्याच्या गळ्यात ते पडतं. पण ते काम केल्यामुळे रजा या प्रकाराकडे मला दोन्ही बाजूंनी बघता आलं. आधी मागणारी म्हणून, मग तक्त्यावर पेन्सिल फिरवणारी म्हणून. आणि माझं मत असं झालं, की रजेवरून होणारी बहुतेक भांडणं माणसांच्या स्वभावाची नसतातच. रजा देणारा एक असतो, ड्यूटी लावणारा दुसरा, आणि या दोघांचे कागद एकमेकांना कधी भेटत नाहीत.

आमच्या एका ज्युनिअरच्या सख्ख्या बहिणीचं लग्न होतं. लग्न शनिवारी, गाव रात्रभराच्या प्रवासावर. तिने रीतसर अर्ज लिहिला: "कौटुंबिक कारणास्तव शुक्रवार ते रविवार रजा मिळावी." विभागप्रमुखांनी दोन मिनिटांत सही केली. ते मनाने चांगले होते, वर तिला लग्नाच्या शुभेच्छाही दिल्या. अर्ज ऑफिसात गेला, तिच्या खात्यातून रजा वजा झाली. तिने घरी फोन करून सांगितलं, येतेय. आणि माझ्याकडच्या रोस्टरवर त्याच शनिवारी सकाळी आठ ते रविवारी सकाळी आठ, चोवीस तासांचा ऑन-कॉल तिच्याच नावावर तसाच होता. विभागप्रमुखांनी रोस्टर पाहिलं नव्हतं, मी अर्ज पाहिला नव्हता. कागदोपत्री ती एकाच वेळी रजेवरही होती आणि हॉस्पिटलातली रात्रीची एकमेव ज्युनिअरही होती.

लग्नाला तीन आठवडे होते म्हणून बरं. हे कळलं तेही नशिबानेच. हँडओव्हरच्या वेळी कुणीतरी सहज म्हणालं, "अरे, पण शनिवारी तर हिचा कॉल आहे ना?" तिचा चेहरा मला अजून आठवतो. तिला वाटत होतं की सही झाली म्हणजे झालं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बाहेरच्या जगात सही झाली म्हणजे खरंच झालेलं असतं.

आता रोस्टर म्हणजे नेमकं काय, ते थोडं सांगायला हवं. आमच्याकडे सहा ज्युनिअर. प्रत्येकाला दर सहाव्या दिवशी कॉल. कॉलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंट सोपवून, राऊंड आटोपून घरी जायचं आणि झोपायचं. उरलेले दिवस वॉर्ड, ओपीडी, इमर्जन्सी. दिवसा किमान तिघं जागेवर हवीत, रात्री एक. त्याहून कमी झालं तर काम थांबत नाही, पण बघायचं राहून जायला लागतं: एखादा रिपोर्ट, एखाद्याची लघवी सहा तास झालेली नाही हे, संध्याकाळी परत तपासायचं ठरलेलं पोट. कमी माणसं आहेत हे आकड्यावरून कळायच्या आधी या अशा गोष्टींवरून कळतं.

रजा मागणाऱ्याला एक दिवस दिसतो. रोस्टर करणाऱ्याला त्या दिवसाच्या अलीकडे-पलीकडे लोंबणारे धागे दिसतात. कॉल दुसऱ्याला दिला की त्याचा नुसता तो दिवस जात नाही, दुसऱ्या दिवशीची त्याची विश्रांतीही तिथे सरकते, म्हणजे त्या दिवशी वॉर्डात आणखी एक माणूस कमी. शिवाय त्याचा आधीचा कॉल किती दिवसांपूर्वी झाला आणि पुढचा किती दिवसांवर आहे, हे बघावं लागतं. एका कॉलची अदलाबदल म्हणजे तक्त्यातल्या एकाच चौकोनाचा प्रश्न, असं फक्त तक्ता न करणाऱ्यालाच वाटतं.

त्या मुलांची नावं सांगत नाही. सोमवारपासून क्रमाने त्यांना क, ख, ग, घ, च म्हणू आणि शनिवारवाली आपली नवरीची बहीण म्हणजे छ. रविवारी पुन्हा क, सोमवारी ख, असं चक्र पुढे चालू.

छने आधी तेच केलं जे सगळे करतात. ज्याच्याशी जास्त पटतं त्याला विचारलं. तो होता च. तो लगेच हो म्हणाला. पण त्याचा स्वतःचा कॉल शुक्रवारी. शनिवारही घेतला तर शुक्रवारी सकाळी आलेला माणूस रविवारी सकाळी सुटणार. मैत्रीखातर अठ्ठेचाळीस तास उभं राहायची तयारी ज्युनिअर लोक फार पटकन दाखवतात, आणि रोस्टर करणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे ती तयारी मान्य न करणं. दुसऱ्या रात्री तीन वाजता औषधाचा डोस लिहिणारा हात त्या मित्राचा नसतो, कुणाचाच नसतो.

मग क. त्याचा कॉल रविवारी. शनिवार घेतला तर पुन्हा तेच अठ्ठेचाळीस तास, फक्त उलट्या बाजूने. रविवार छने घ्यावा म्हटलं, तर ती तेव्हा परतीच्या गाडीत.

ख अगदी सोयीचा दिसत होता. त्याचा आधीचा कॉल मंगळवारी, पुढचा सोमवारी. त्याने शनिवार घ्यावा, छने त्याचा सोमवार घ्यावा, हिशेब चुकता. पण ख नवीन होता. आठवड्यातल्या रात्री आमचे रजिस्ट्रार हॉस्पिटलातच झोपतात, शनिवार-रविवारी ते घरून कॉलवर असतात. वरचा माणूस इमारतीत नसताना नवीन ज्युनिअरला एकट्याने रात्र द्यायची नाही, असा आमचा दंडक होता आणि खची ती मुदत लग्नानंतरच्या आठवड्यात संपणार होती. चार दिवसांसाठी काय अडतंय, असं छ म्हणाली नाही, पण तिच्या डोळ्यांत ते होतं. माझ्याही मनात क्षणभर आलं. पण बदलीत फक्त डोकं मोजून चालत नाही. ज्याच्या जागी माणूस द्यायचा त्याला जे जमतं ते नव्या माणसाला एकट्याने जमायला हवं. नाहीतर रोस्टरवर नाव असतं आणि वॉर्डात कव्हर नसतं.

गने रविवारची रजा महिन्यापूर्वीच घेऊन ठेवली होती. शनिवारचा कॉल केला तर रविवारी सकाळी तो सुटणार, झोपेने मेलेला. म्हणजे त्याची रजा नावापुरती राहणार. एकाची रजा वाचवायला दुसऱ्याची खायची, हे मला मान्य नव्हतं.

राहिला घ. त्याचा कॉल गुरुवारी. शनिवारी घेतला तर एक रात्र सोडून एक रात्र. नियमात बसत होतं, पण जेमतेम. आणि घ हा असा मुलगा, की कुणी मागितलं तर तो देतो. प्रत्येक युनिटात असा एक असतोच. वर्षाच्या शेवटी मोजायला बसलं की सगळ्यांच्या लग्नकार्यांचे कॉल त्यानेच केलेले निघतात. म्हणून तो हो म्हणत असतानाही मी नको म्हटलं.

थेट अदलाबदल कुणाशीच होत नव्हती. इथपर्यंत आलं की बहुतेक जण हात टेकतात. "बघ बाई, मी प्रयत्न केला" म्हणून रोस्टर करणारा मोकळा होतो. पण चौकोन सरकवायच्या कोड्यासारखं इथेही दोघांत अडलेलं तिघांत सुटतं. रिकामी जागा थेट भरत नसेल तर आधी ती दुसरीकडे सरकवायची.

रविवारवाल्या कला मी शनिवारी आणलं. त्याचा आधीचा कॉल सोमवारी, म्हणजे अंतर भरपूर. आता रविवार रिकामा झाला. तो घला दिला. गुरुवारनंतर रविवार, मध्ये दोन रात्री झोपेच्या. घचा पुढचा कॉल बुधवारी होता, तो छने घ्यायचा. इथे गाडं पुन्हा अडलं. छचा स्वतःचा पुढचा कॉल त्याच आठवड्यात शुक्रवारी. बुधवार आणि शुक्रवार, म्हणजे घवर जे नको म्हटलं तेच आता तिच्यावर आलं. ती म्हणाली, "मॅम, मी करेन, काही नाही." रजा मिळतेय म्हटल्यावर माणूस काहीही कबूल करतो. तिचा शुक्रवार मी कला दिला आणि कचा त्यानंतरचा शनिवार तिला. बुधवारनंतर शनिवार, अंतर ठीक. कला एका शनिवारच्या बदल्यात दुसरा शनिवार मोकळा मिळाला.

ही शेवटची अदलाबदल मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शनिवारचा कॉल मंगळवारच्या कॉलने फिटत नाही. तास तेवढेच असतात, पण शनिवारी वरचे लोक घरी, लॅब अर्धी बंद आणि वॉर्डात पेशंट तेवढेच. शिवाय ज्याचा शनिवार जातो त्याच्याही घरी माणसं असतात. सुट्टीच्या दिवसाचं देणं सुट्टीच्याच दिवसाने फेडायचं, हे आधी स्पष्ट ठरलं नाही तर "मी तुझ्यासाठी केलं होतं" हे वाक्य सहा महिन्यांनी कॅन्टीनमध्ये ऐकू येतं.

मी पुन्हा सगळं वरून खाली तपासलं. शुक्रवारी घ कॉलनंतर घरी जाणार, छ रजेवर. उरले क, ख, ग आणि कॉलवरचा च. तिघांची किमान गरज भागत होती. सोमवारी घ रविवारच्या कॉलनंतर सुटणार, पण तोवर छ परत आलेली. जमलं.

जमलं तरी काम संपलेलं नसतं. तोंडी अदलाबदल आणि खरी अदलाबदल यांत फरक असतो तो टेलिफोन ऑपरेटरच्या टेबलावरच्या कागदाचा. आमच्याकडे पूर्वी एकदा दोघांनी आपसात रात्र बदलली होती, प्रेमाने, चहा पिता पिता. ऑपरेटरकडे जुनंच रोस्टर. रात्री सिस्टरने कॉल लावला तो कुठल्याशा हॉलमध्ये, ढोलाच्या आवाजात, ज्याची ड्यूटी नव्हती त्याला. त्याने ओरडून खऱ्या माणसाचं नाव सांगितलं, ते तिकडे ऐकू गेलं नाही. ज्याची ड्यूटी होती तो दोन मजले खाली जागाच होता. पेशंटला त्या रात्री काही झालं नाही हे त्याचं नशीब. म्हणून बदललेलं रोस्टर नवीन तारीख घालून, जुनं फाडून, ऑपरेटरकडे, प्रत्येक वॉर्डाच्या टेबलावर, इमर्जन्सीत आणि कॉलवरच्या रजिस्ट्रारकडे गेलं पाहिजे. आणि ज्या तिघांच्या ड्यूट्या हलल्या त्या तिघांनी आपण होऊन "मला मान्य" असं लिहून दिलं पाहिजे. रोस्टरवर नाव छापलं गेल्यानंतर जबाबदारी छापलेल्या नावाची असते, मनात ठरलेल्या नावाची नाही.

आणखी एक गोष्ट अर्जात कुणी लिहीत नाही: रजा शुक्रवारपासून असली तरी गाडी गुरुवारी रात्रीची असते. गुरुवारी छचा कॉल नव्हता, पण संध्याकाळी सातपर्यंत वॉर्डात अडकायला कॉल असावा लागत नाही. एखादा पेशंट चार वाजता बिघडला की झालं. मी तिला सांगितलं, "अगं, गुरुवारी दुपारी तीनलाच तुझे पेशंट लिहून घकडे दे, त्याचा कॉल आहे. त्यानंतर नवीन पेशंट हातात घेऊ नकोस." लिहून म्हणजे फक्त नाव आणि निदान नव्हे. रात्रीत काय होऊ शकतं, झालं तर पहिल्यांदा काय करायचं, कुठला रिपोर्ट अजून यायचाय आणि तो आला की कोणी बघायचा. हा रिपोर्टच बहुधा हरवतो. ज्याने रक्त पाठवलं तो गेलेला असतो आणि जो आहे त्याला ते पाठवलंय हेच माहीत नसतं.

इतकं सगळं वाचून कुणी म्हणेल, मग रजा मागणाऱ्याने हा हिशेब करूनच यावं. माझे एक सिनिअर असंच म्हणायचे: "बदली माणूस शोधून आण, मग रजेचं बोल." हे वाक्य सगळ्या हॉस्पिटलांत चालतं आणि वरवर न्याय्य वाटतं. मला ते पटत नाही. छने स्वतः शोधलं असतं तर काय झालं असतं? चने अठ्ठेचाळीस तास केले असते, किंवा घने मुकाट्याने एकाआड एक रात्र काढली असती, किंवा ख शनिवारी रात्री एकटा सापडला असता. तिघांची साखळी तिला दिसणं शक्यच नव्हतं, कारण सहाही जणांचा आधीचा-पुढचा कॉल, कुणाची रजा, कुणावरची अट हे सगळं एकाच कागदावर फक्त माझ्याकडे होतं. शिवाय सगळ्यात कनिष्ठ माणसाने आपल्याच बरोबरीच्यांकडे हात पसरायचा, यात मिळणारी रजा गरजेवर ठरत नाही, ओळखीपाळखीवर ठरते. जो अबोल, जो नवीन, जो बाहेरून आलेला, त्याला कुणीच हो म्हणत नाही. ज्युनिअरने लवकर सांगावं, खरं सांगावं, कधी निघणार आणि कधी परत हजर होणार ते तासासह सांगावं. बदलीचा माणूस शोधणं हे ज्याच्याकडे रोस्टर आहे त्याचं काम.

तेच सिनिअर दुसरंही एक वाक्य म्हणायचे. आम्ही सख्ख्या भावाच्या लग्नाला गेलो नव्हतो. यावर काय बोलायचं कळायचं नाही. त्यांना वाईट वाटलं असणारच. पण ते वाईट वाटणं त्यांनी पुढच्यांच्या डोक्यावर नियम म्हणून ठेवलं.

नियम तसे आहेत. आपल्याकडे २०२३ च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांत निवासी डॉक्टरला वर्षाला किमान २० दिवस पगारी किरकोळ रजा आहे आणि आठवड्याची एक सुट्टीही आहे. पण सुट्टीच्या आधी "कामाच्या निकडीनुसार" अशा अर्थाची शेपटी जोडलेली आहे, आणि हॉस्पिटलात काम निकडीचं नसतं असा दिवस मला तरी माहीत नाही. युरोपात वेगळ्या टोकाने विचार झाला. कील शहरातले डॉक्टर येगर यांच्या खटल्यात २००३ साली युरोपियन न्यायालयाने सांगितलं, की हॉस्पिटलात हजर राहून केलेला ऑन-कॉल हा सगळाच्या सगळा कामाचा वेळ, मग त्यात डॉक्टर काही तास झोपला असला तरी. मला या निकालाचा उपयोग रोस्टर करताना झाला. घरून द्यायचा कॉल आणि हॉस्पिटलात राहून द्यायचा कॉल यांची अदलाबदल मी कधीच बरोबरीची धरली नाही.

खरी गोम मात्र नियमात नाही, सहा या आकड्यात आहे. सहा जणांचं रोस्टर सहाही जण रोज धडधाकट आणि घरदार नसलेले असतील असं धरून केलेलं असतं. प्रत्येकाने वीस दिवस रजा घ्यायची म्हटलं तर वर्षाचे एकशेवीस दिवस कुणी ना कुणी रजेवर. म्हणजे सरासरी तीन दिवसांत एकदा सहाऐवजी पाच. परीक्षा, ताप, बाळंतपण याच्या वरचं. ही गोष्ट अचानक घडत नाही, वर्षाच्या पहिल्या दिवशी ती माहीत असते. तरीही प्रत्येक रजा हे संकट म्हणून येते, कारण सातवा माणूस मंजूर करणं महाग आणि घसारख्या मुलाचा चांगुलपणा फुकट.

त्यानंतर मी महिन्याचं रोस्टर करण्याआधी सगळ्यांकडून तारखा मागवायला लागले. आधी तारखा, मग चक्र. निम्मे घोळ तिथेच मिटले, कारण कॉल लागलेला दिवस मोकळा करण्यापेक्षा मोकळा ठेवायचा दिवस आधी मोकळा ठेवणं फार सोपं. विभागप्रमुखांनीही माझी सही असल्याशिवाय अर्जावर सही करणं बंद केलं. उरलेले निम्मे घोळ मात्र तसेच राहिले.

पुढच्याच महिन्यात च आला. त्याच्या आईवडिलांच्या लग्नाला तीस वर्षं होत होती, घरच्यांनी रविवारी सगळ्यांना बोलावलं होतं. त्याने तासासकट लिहून आणलं होतं, पाच आठवडे आधी. पण त्या आठवड्यात गची आणि घची परीक्षा, दोघंही नाहीत. चौघांत मी तीन वेळा मांडून पाहिलं. शनिवारचा त्याचा कॉल कुणाकडेच जात नव्हता. वरच्यांकडे जाऊन दुसऱ्या युनिटातून एका रात्रीसाठी माणूस मागितला, तिथेही परीक्षाच. मी त्याला त्याच संध्याकाळी नाही म्हटलं. "बघू", "जवळ आल्यावर सांगते" हे म्हणण्याचा मोह फार होतो, कारण नाही म्हणताना समोरचा चेहरा बघावा लागतो. पण बघू म्हटलं की तो घरी हो सांगतो.

तो गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "रविवारी सकाळी आठला कॉल संपतो ना मॅम? दुपारच्या जेवणाला पोचतो मग." पोचला असताही, गाडीने तीन तास. मी म्हटलं, जा, पण स्वतः चालवायची नाही. रात्रभर जागलेल्या माणसाला स्टीअरिंगवर झोप लागते ती सांगून लागत नाही. त्याचा मामेभाऊ सकाळी सात वाजताच गाडी घेऊन हॉस्पिटलच्या गेटवर येऊन थांबला. रविवारची छ आठच्या आधीच आली आणि त्याचे पेशंट तिने ठरलेल्या वेळेच्या आधी ताब्यात घेतले. पावणेनऊला तो निघाला. मागच्या सीटवर आडवा होऊन गेला म्हणे, आणि जेवणाच्या पंगतीत त्याला दोनदा हलवून जागं करावं लागलं.